विश्लेषण : आठ चित्रांतून घराचे एक चित्र निवडायचे कसे?

लातूर शहराच्या कडेला ३० बाय ४० फुटांचा एक प्लॉट आहे, असे समजा. उत्तरेला रस्ता, तळमजला आणि वर एक मजला, असा नकाशा ठरला आहे. घर समोरून कसे दिसेल, म्हणजेच एलिव्हेशन कसे असेल, हे दाखवण्यासाठी अभियंत्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून आठ चित्रे काढून घेतली आणि व्हॉट्सॲपवर पाठवली. घरातल्या सगळ्यांना पाचवे चित्र आवडले. काळ्या दगडाचा पट्टा, मावळतीचे ऊन, काचेचे कठडे. तेच चित्र गवंड्याला दाखवले, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘या गॅलरीखालचा उजवा खांब कुठं गेला?’’

खांब चित्रात नव्हताच. नकाशात मात्र होता. चित्राच्या भरवशावर दगडाची आणि काचेची ऑर्डर गेली असती, तर चूक पैशांत मोजावी लागली असती. म्हणूनच अशा चित्रांची निवड डोळ्यांना काय भावते यावर न सोडता गुणपत्रिकेवर करावी. ही गुणपत्रिका कशी असते आणि ती कशी भरायची, हे याच उदाहरणातून पाहू.

एकाच सूचनेतून आठ वेगळी चित्रे का येतात?

चित्र तयार करणाऱ्या बहुतेक साधनांचे काम ठिपक्यांच्या निव्वळ गोंधळापासून सुरू होते. जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या, तसा तो गोंधळ. साधन तो पायरीपायरीने साफ करत चित्र घडवते. सुरुवातीचा गोंधळ ज्या क्रमांकावरून ठरतो, त्याला ‘सीड’ म्हणतात. सीड बदलला की सूचना तीच असूनही चित्र बदलते.

या साधनाला घर ‘कळत’ नाही. लाखो छायाचित्रांत गॅलरी साधारण कशी दिसते, एवढेच ते शिकलेले असते. त्यामुळे पोत आणि उजेड ते झकास उतरवते, पण मोजणीत आणि जोडणीत चुकते. लातूरच्या गंजगोलाईचे उदाहरण घ्या. १९१७ साली उभ्या राहिलेल्या या गोल बाजारपेठेला १६ रस्ते येऊन मिळतात. साधनाला ‘१६ रस्ते मिळणारी गोल बाजारपेठ, वरून’ असे सांगितले, तर चित्र देखणे येईल, पण त्यातले रस्ते मोजूनच घ्यावे लागतील. घराच्या खिडक्या, खांब आणि पायऱ्यांचेही तसेच आहे.

गुणपत्रिकेत काय असते?

चार रकाने असतात : भूमिती, साहित्य, उजेड आणि वास्तवता. प्रत्येकाला ० ते ५ गुण. चित्र मोठे करून पाहिल्यावरही चूक सापडली नाही तर ५, किरकोळ चूक असेल तर ४, दुरुस्त करता येईल अशी एक ठळक चूक असेल तर ३. नकाशाच बदलेल अशी चूक असेल तर २ किंवा त्याहून कमी.

चारही रकान्यांचे वजन सारखे नसते. भूमितीचे गुण ८ ने आणि बाकी तिन्हींचे ४ ने गुणले की एकूण १०० होतात. भूमितीला दुप्पट वजन देण्याचे कारण सरळ आहे. रंग आणि उजेड नंतर बदलता येतात, पण खांब आणि मजला चुकला तर ते चित्र त्या घराचे राहतच नाही.

भूमिती : मोजा, मग गुण द्या

नकाशा शेजारी ठेवून आधी मोजणी करायची. समोरच्या भिंतीत दारे-खिडक्या किती? वरच्या मजल्याचे खांब खालच्या खांबांच्या बरोबर रेषेत आहेत का? जोते दोन फूट उंच असेल आणि पायरी सहा इंचांची, तर चढ चार पायऱ्यांचा हवा. चित्रात तीन किंवा सात पायऱ्या असतील तर गुण कमी.

दुसरी तपासणी प्रमाणाची. मजला दहा फुटांचा आणि दार सात फुटांचे, तर चित्रातही दाराची उंची मजल्याच्या सुमारे सत्तर टक्के दिसायला हवी. कठड्याच्या उभ्या सळयांवरून बोटाने वरून खाली जा. मध्येच दोन सळयांची एक झाली असेल, तर साधनाने तिथे जोडणी चुकवली आहे.

साहित्य : विटा मोजता येतात

विटांचे काम खरे आहे की नाही, हे थर मोजून कळते. सात फुटी दाराच्या उंचीत विटांचे साधारण २० ते २५ थर बसतात. चित्रात दाराशेजारी बाराच थर दिसत असतील, तर ती वीट दुप्पट जाडीची झाली. अशी वीट भट्टीवर मिळणार नाही आणि घर पूर्ण झाल्यावर भिंतही चित्रासारखी दिसणार नाही.

दगडाची परीक्षा कोपऱ्यावर होते. मराठवाड्यातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, करड्या-काळ्या रंगाचा. चित्रात तो तपकिरी झाला आहे का? भिंत वळते तिथे दगडही वळतो का, की कागद चिकटवल्यासारखा कडेला संपतो? एकाच दगडाचा डाग पुन्हा पुन्हा दिसतो का? दगड आणि गिलावा जिथे मिळतात ती कड स्पष्ट हवी. एकमेकांत विरघळलेली कड गवंड्याला बांधता येत नाही.

उजेड : सूर्य कुठे आहे ते विचारा

इथेच बहुतेकांची फसगत होते. लातूर साधारण १८.४ अंश, तर नांदेड १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दोन्ही ठिकाणी दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४७-४८ अंश उंचीवर असतो. म्हणून सप्टेंबरअखेर ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. उन्हाळ्याच्या सहामाहीत तिथे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो, पण तो जवळजवळ डोक्यावर असल्याने छज्जाच ते ऊन अडवतो.

म्हणजे उत्तरमुखी घराचे ‘हिवाळ्यातली सकाळ’ असे चित्र सोनेरी उन्हात न्हालेले असेल, तर ते कितीही सुंदर असले तरी खोटे आहे. त्यावर विश्वास ठेवून ओसरीत तुळस लावली, तर हिवाळाभर ती सावलीत राहील.

दिशाही तपासता येते. उत्तरमुखी घराकडे तोंड करून उभे राहिले की डावीकडे पूर्व आणि उजवीकडे पश्चिम. संध्याकाळचे ऊन उजवीकडून यायला हवे आणि सावल्या डावीकडे पडायला हव्यात. झाडाची सावली एकीकडे आणि विजेच्या खांबाची दुसरीकडे पडली असेल, तर त्या चित्रात दोन सूर्य आहेत.

वास्तवता : फोटोसारखे की इथले?

या रकान्यात दोन प्रश्न असतात. चित्र छायाचित्रासारखे दिसते का, आणि ते घर याच गावातले वाटते का? पाटीवरची अक्षरे अगम्य, माणूस दाराएवढा उंच, स्कूटरला एकच आरसा, या पहिल्या प्रश्नातल्या चुका. दुसऱ्या प्रश्नातल्या चुका सहज नजरेतून सुटतात. गच्चीवर पाण्याची टाकी नाही, भिंतीवर पन्हळीचा पाइप नाही, रस्त्यावर तारा नाहीत, आणि अंगणात मात्र हिरवीगार लॉन आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे अशा लॉनचे चित्र म्हणजे खर्चाचा चुकीचा अंदाज.

प्रत्यक्ष गुण कसे पडले?

उदाहरणातल्या अभियंत्याने ‘जूनमधली संध्याकाळ’ अशी सूचना दिली होती. आठांपैकी पाच चित्रांना भूमितीत ३ पेक्षा कमी गुण मिळाले. लाडके पाचवे चित्र त्यातलेच. उरली तीन. त्यातल्या दोन आणि पाचव्या चित्राचा हिशेब असा :

चित्र ५ : भूमिती २, साहित्य ५, उजेड ४, वास्तवता ५. एकूण ७२.
चित्र ३ : भूमिती ४, साहित्य ३, उजेड ४, वास्तवता ३. एकूण ७२.
चित्र ७ : भूमिती ५, साहित्य ३, उजेड १, वास्तवता ३. एकूण ६८.

वजन न देता सरळ बेरीज केली असती, तर पाचवे चित्र १६ गुणांनी पहिले आले असते आणि तिसरे १४ वर राहिले असते. वजन दिल्यावर दोघांची बरोबरी झाली. म्हणजे फक्त बेरीज पुरत नाही. त्यासाठी एक नियम आधीच लिहून ठेवावा लागतो : भूमितीत ३ पेक्षा कमी गुण असलेले चित्र बाद, मग एकूण गुण कितीही असोत. हा नियम चित्रे पाहण्यापूर्वीच ठरवायचा. नाहीतर आवडत्या चित्रासाठी तो वाकवला जातो.

गुण दोघांनी, घरमालक आणि अभियंत्याने, एकमेकांना न सांगता द्यावेत. एखाद्या रकान्यात दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडला, तर प्रत्येकाने चित्रातल्या त्या जागेवर बोट ठेवून दाखवायचे. जागा दाखवता आली नाही, तर तो गुण आवडीचा होता.

निवड झाल्यावर पुढे काय?

कमी गुणांचा रकाना पुढचे काम सांगतो. तिसऱ्या चित्रात दगडाचा पट्टा तपकिरी होता आणि कोपऱ्यावर संपत होता. अशा वेळी सगळे चित्र नव्याने काढायचे नाही. सीड जपून ठेवायचा, फक्त त्या पट्ट्यावर खूण करून तेवढाच भाग बदलून घ्यायचा आणि मग चारही रकाने पुन्हा तपासायचे. दगड सुधारताना शेजारच्या खिडकीची चौकट वाकडी झालेली असू शकते.

आठांपैकी पाच चित्रे भूमितीवरच बाद होत असतील, तर दोष निवडीत नाही, सूचनेत आहे. केवळ शब्दांवर चित्र मागण्याऐवजी नकाशावरून काढलेले रेखाचित्र साधनाला द्यावे. २०२३ मध्ये आलेल्या ‘कंट्रोलनेट’सारख्या पद्धती रेषांना धरून चित्र रंगवतात. रेषा पाळण्याचा जोर कमी ठेवला तर खांब हरवतात. फार वाढवला तर चित्र निर्जीव दिसते आणि वास्तवतेचे गुण घटतात.

गुणपत्रिका काय सांगू शकत नाही?

भूमितीत ५ गुण मिळाले, याचा अर्थ नकाशा आणि चित्र जुळले, एवढाच. घर भक्कम आहे, असा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळली. बाहेरून त्या भिंती भरभक्कमच दिसत होत्या. खांबात किती सळया, बीम खांबाला कसा बांधला, पाया किती खोल, हे कोणत्याही चित्रात दिसत नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या आराखड्यात असते, आणि गवंड्याच्या हातात कागद द्यायचा तो त्या आराखड्याचा. चित्र त्याच्या शेजारी भिंतीवर लावायला हरकत नाही.