ऑनलाइन दुकानासाठी पेमेंट गेटवे कसा निवडायचा? फी, सेटलमेंट आणि अडकलेल्या पैशांचा हिशोब

ऑनलाइन दुकान सुरू करताना पेमेंट गेटवेची निवड बहुतेक वेळा एकाच आकड्यावरून होते. एक कंपनी दर व्यवहारामागे दोन टक्के मागते, दुसरी त्याहून कमी. मग कमी मागणारी घेतली जाते. पण फी हा खर्चाचा फक्त दिसणारा भाग आहे. पैसे खात्यात यायला किती दिवस लागतात आणि पेमेंट मध्येच फसलं तर पुढे काय होतं, या दोन गोष्टींचाही खर्च असतो. तो कुठल्याच दरपत्रकात छापलेला नसतो. या तिन्हींची तुलना कशी करायची, हे एका उदाहरणातून पाहू.

पेमेंट गेटवे नेमकं काय करतो?

ग्राहक 'पैसे भरा' हे बटण दाबतो तेव्हा त्याचं कार्ड, यूपीआय ॲप किंवा नेट बँकिंग आणि दुकानाचं बँक खातं यांच्यामध्ये गेटवे कंपनी उभी असते. ती ग्राहकाच्या बँकेकडून होकार मिळवते, पैसे एका एस्क्रो खात्यात जमा करते, आपली फी कापते आणि उरलेली रक्कम दुकानदाराला पाठवते. दुकानदाराच्या वतीने असे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीला 'पेमेंट ॲग्रिगेटर' म्हणतात आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. परवानगी असलेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तिथे नाव नसेल, तर पुढची तुलना करण्याची गरजच नाही.

फी: दर नव्हे, महिन्याचं बिल पाहा

समजा, पुण्यातलं एक दुकान हातमागाच्या साड्या ऑनलाइन विकतं. एका साडीची सरासरी किंमत २,५०० रुपये आणि महिन्याला २०० ऑर्डर, म्हणजे विक्री ५ लाख रुपये. यातल्या १२० ऑर्डरचे पैसे यूपीआयने येतात, ४० क्रेडिट कार्डाने, ३० डेबिट कार्डाने आणि १० नेट बँकिंगने.

दुकानासमोर दोन प्रस्ताव आहेत. पहिली कंपनी सगळ्या प्रकारांवर सरसकट २ टक्के घेते. दुसरी यूपीआयवर काही घेत नाही. क्रेडिट कार्डावर २.५ टक्के, डेबिट कार्डावर १ टक्का आणि नेट बँकिंगच्या प्रत्येक व्यवहाराला २० रुपये घेते. शिवाय वर्षाला ६,००० रुपये देखभाल शुल्क, म्हणजे महिन्याला ५०० रुपये.

पहिल्या कंपनीचं महिन्याचं बिल सरळ आहे: १०,००० रुपये. दुसरीचं असं: क्रेडिट कार्डाच्या १ लाखावर २,५०० रुपये, डेबिट कार्डाच्या ७५ हजारांवर ७५० रुपये, नेट बँकिंगचे २०० रुपये आणि देखभालीचे ५०० रुपये. एकूण ३,९५० रुपये. फीवर लागणारा जीएसटी वेगळा. पण दुकान जीएसटीत नोंदणीकृत असेल, तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो इथे धरलेला नाही. फरक ६,०५० रुपयांचा.

हा फरक कुठून आला? यूपीआयमधून. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर बँकांचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क, शून्य आहे. तरीही गेटवे कंपन्या आपल्या सेवेचं शुल्क म्हणून त्यावर फी लावू शकतात आणि अनेक जणी लावतात. त्यामुळे 'यूपीआयवर तुमची फी किती, आणि यूपीआयला जोडलेल्या क्रेडिट कार्डावर किती' हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

आणखी एक कलम वाचायला हवं. ग्राहकाने साडी परत केली आणि दुकानाने पूर्ण पैसे परत दिले, तरी मूळ व्यवहाराची फी बहुतेक कंपन्या परत देत नाहीत. ज्या दुकानात परत येणारा माल जास्त, तिथे ही रक्कम दर महिन्याला जाणवते.

सेटलमेंट: T+1 आणि T+3 मधले दिवस

करारात सेटलमेंटची मुदत T+1, T+2 अशी लिहिलेली असते. T म्हणजे व्यवहाराचा दिवस आणि पुढचा आकडा म्हणजे त्यानंतरचे कामाचे दिवस. शब्द 'कामाचे' हा आहे. गुरुवारी विकलेल्या साडीचे पैसे T+1 मध्ये शुक्रवारी येतात. T+3 मध्ये ते रविवारी येत नाहीत. शनिवार-रविवार धरले जात नसतील तर ते मंगळवारी येतात, आणि सोमवारी बँकेला सुट्टी असेल तर बुधवारी.

आपल्या दुकानाची रोजची विक्री साधारण १६,७०० रुपये आहे. पहिली कंपनी T+1 देते आणि दुसरी T+3. म्हणजे दुसरीकडे नेहमी दोन दिवसांची जादा विक्री, साधारण ३३ हजार रुपये, अडकलेली राहील. तेवढी रक्कम वर्षाला १२ टक्के व्याजाने उचलली, तर महिन्याचं व्याज फक्त ३३० रुपयांच्या आसपास होतं. फीतल्या ६,०५० रुपयांच्या फरकापुढे हे किरकोळ आहे.

पण व्याजाचा हिशोब सगळं सांगत नाही. विणकराला रोख द्यावी लागत असेल आणि हाताशी शिल्लक नसेल, तर दिवाळीच्या आठवड्यात विक्री दुप्पट होते त्याच वेळी सुट्ट्यांमुळे पैसे अडकतात आणि नवा माल उचलता येत नाही. तेव्हा नुकसान व्याजाचं नसतं, न विकलेल्या साड्यांचं असतं. म्हणून प्रश्न असा विचारावा: चार-पाच दिवस पैसे आले नाहीत, तर दुकान चालेल का? चालणार असेल, तर T+3 चालतं. नसेल, तर लवकर सेटलमेंटसाठी जादा शुल्क किती, हे आधीच पाहावं.

पेमेंट फसतं तेव्हा

फसलेल्या पेमेंटचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत.

पहिल्या प्रकारात पैसे कापलेच जात नाहीत. पिन चुकला, खात्यात शिल्लक नव्हती, किंवा बँकेची यंत्रणा बंद होती. पिन आणि शिल्लक यांबद्दल गेटवे काही करू शकत नाही. मात्र एका बँकेची यंत्रणा बंद असताना ते ग्राहकाला आधीच सांगणं, किंवा व्यवहार दुसऱ्या मार्गाने पाठवणं, हे चांगला गेटवे करतो. यशस्वी व्यवहारांचं प्रमाण विचारताना ते यूपीआय, कार्ड आणि नेट बँकिंगचं वेगवेगळं मागावं. पेमेंट अर्धवट सोडून गेलेले ग्राहक त्यात मोजलेत की वगळलेत, हेही विचारावं. वगळले असतील तर आकडा आपोआप चांगला दिसतो.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा आहे: पैसे कापले गेले, पण ऑर्डर नोंदली गेली नाही. ग्राहकाने यूपीआय ॲपमध्ये पिन टाकला आणि दुकानाच्या पानावर परत यायच्या आधीच फोनचं नेट गेलं. बँकेकडे व्यवहार पूर्ण आहे, दुकानाकडे 'प्रलंबित'. दुकानाची वेबसाइट फक्त ग्राहकाच्या ब्राउझरवर विसंबून असेल, तर तिला पैसे आल्याचं कळतच नाही.

यावर उपाय आहे वेबहुक. पेमेंट पूर्ण झालं की गेटवेचा सर्व्हर थेट दुकानाच्या सर्व्हरला निरोप पाठवतो. ग्राहकाचा फोन बंद असला तरी. तो निरोप पोहोचला नाही, तर गेटवे पुन्हा किती वेळा पाठवतो, आणि ऑर्डर क्रमांक देऊन दुकानाला स्वतःहून स्थिती विचारता येते का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. एकच निरोप दोनदा आला तर दोन साड्या पाठवल्या जाऊ नयेत, ही काळजी मात्र दुकानाच्या वेबसाइटने घ्यायची असते.

एकच नग असलेल्या मालात गुंता आणखी वाढतो. समजा, दुकानाने प्रलंबित ऑर्डरसाठी साडी १५ मिनिटं राखून ठेवली आणि मग मोकळी केली. ती दुसऱ्याने घेतली. विसाव्या मिनिटाला पहिल्या ग्राहकाचं पेमेंट यशस्वी ठरलं. आता पैसे आहेत, साडी नाही. अशा उशिरा आलेल्या पेमेंटचा रिफंड आपोआप जातो की दुकानदाराला रोज स्क्रीनवर शोधावा लागतो, यावर त्या ग्राहकाची तक्रार होणार की नाही हे ठरतं.

ग्राहकाला अशा वेळी काय सांगायचं? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानाला यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानाकडे खात्री पोहोचली नाही, तर ती रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई लागू होते. पण गेटवेकडे पैसे यशस्वीपणे जमा झाले असतील, तर परत करण्याचं काम दुकानाचं आहे. म्हणून आधी गेटवेच्या स्क्रीनवर स्थिती पाहावी, मगच उत्तर द्यावं. ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून माल पाठवू नये आणि पैसेही परत करू नयेत.

तिन्हींचा हिशोब एका आकड्यात

आता दोन्ही प्रस्ताव शेजारी ठेवू. एका साडीवर दुकानाला सगळा खर्च जाऊन ६०० रुपये सुटतात असं धरू. फीतला फरक ६,०५० रुपयांचा आहे. त्याला ६०० ने भागलं की साधारण १० येतात. म्हणजे दुसऱ्या कंपनीमुळे महिन्याला १० ऑर्डर जास्त बुडाल्या, तर तिची सगळी बचत संपली. तीन-चारच बुडाल्या, तर तीच फायद्याची.

दुकान नवं असेल आणि महिन्याला ३० च ऑर्डर असतील, तर चित्र बदलतं. त्याच प्रमाणात पहिलीचं बिल १,५०० रुपये येतं आणि दुसरीचं देखभालीसह १,०२० च्या आसपास. फरक ४८० रुपयांचा, म्हणजे एका साडीच्या नफ्याहूनही कमी. अशा वेळी स्वस्त दराच्या मागे न लागता पेमेंट नीट पोहोचवणारा गेटवे घेणं परवडतं. विक्री वाढली की फी कमी करून मागता येते.

बुडणाऱ्या ऑर्डर आधी कशा कळणार? चाचणीच्या मोडमध्ये सगळं सुरळीतच चालतं, म्हणून खाते सुरू झाल्यावर खरे पैसे वापरून पाहावं. एक लहान रकमेची वस्तू ठेवून चार वेगवेगळ्या बँकांच्या खात्यांतून ती घ्यावी. एकदा पिन टाकल्याबरोबर ॲप बंद करावं आणि ऑर्डर आपोआप नोंदली जाते का ते पाहावं. एकदा रिफंड देऊन तो किती दिवसांत परत येतो ते मोजावं. एकदा मदतकेंद्राला त्या अडकलेल्या पेमेंटबद्दल लिहून उत्तर कधी येतं ते पाहावं. शंभर-दोनशे रुपयांत होणारी ही चाचणी पहिल्या ग्राहकाच्या आधी उरकलेली बरी.