सॉफ्टवेअर बंद केलं, पण हिशेब बंद झाला का?

मंडळी, इंग्लंडमध्ये छोटा धंदा करणाऱ्या आपल्या लोकांचा एक सर्वसाधारण समज असतो: सॉफ्टवेअर नको झालं, की बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिट रद्द करायचं, विषय संपला. प्रत्यक्षात त्यामुळे फक्त पैसे जायचे थांबतात, करार चालूच राहतो. दरमहा इन्व्हॉइस येत राहतं, वहीत चढत राहतं आणि त्यावरचा व्हॅट आपण परत मागत राहतो. न भरलेल्या बिलावरचा असा व्हॅट सहा महिन्यांनंतर एचएमआरसीला परत करावा लागतो!

म्हणून आधी कंपनीला लेखी नोटीस द्यावी आणि सेवा संपण्याची तारीख लेखी मागून घ्यावी. शेवटची देवघेव पुरी होईपर्यंत डायरेक्ट डेबिट राहू द्यावं.

एक उदाहरण घेऊ. हॅरोमधला डब्यांचा व्यवसाय. ऑर्डर घेण्याच्या सॉफ्टवेअरचे महिन्याला ६० पौंड, वर २० टक्के व्हॅट १२, एकूण ७२. बिल दर १ तारखेला आगाऊ. नोटीस ३० दिवसांची. ती १६ मे रोजी दिली, म्हणजे सेवा १५ जूनला संपली. पण १ जूनला पूर्ण महिन्याचे ७२ पौंड गेलेले. करारात उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळण्याची तरतूद असेल, तर अर्ध्या महिन्याचे ३० पौंड आणि त्यावरचा व्हॅट ६, असे ३६ पौंड परत यायला हवेत.

त्यासाठी कंपनीकडून क्रेडिट नोट घ्यावी. तिच्यावर व्हॅटची रक्कम वेगळी दाखवलेली हवी. जूनचं मूळ इन्व्हॉइस खोडू नये. ते तसंच ठेवून क्रेडिट नोट वेगळी नोंदवावी: खर्चातून ३० वजा, व्हॅटमधून ६ वजा. एप्रिल ते जूनच्या रिटर्नमध्ये या सॉफ्टवेअरचा व्हॅट बॉक्स ४ मध्ये ३६ ऐवजी ३० येईल आणि बॉक्स ७ मध्ये खरेदी १८० ऐवजी १५०. क्रेडिट नोट जुलैत आली, तर वजावट पुढच्या तिमाहीत करावी.

गडबड होते ती इथे. बँकेत ३६ पौंड जमा झालेले दिसतात आणि कुणीतरी ते 'इतर उत्पन्न' म्हणून टाकून मोकळं होतं. मग ६ पौंडांचा व्हॅट जादा मागितला जातो आणि उत्पन्नही फुगतं. ती जमा क्रेडिट नोटेशीच जुळवायची. बरोबर झालं की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे: त्या कंपनीच्या खात्यावरची बाकी शून्य दिसली पाहिजे. (फ्लॅट रेट स्कीमवाले अशा बिलांवर व्हॅट मागतच नाहीत, त्यामुळे त्यांना ही वजावट लागू नाही.)

आणि हो, लॉगिन बंद होण्याआधी सगळी इन्व्हॉइसं आणि विक्रीच्या नोंदी उतरवून घ्या. व्हॅटचे कागद सहा वर्षं जपावे लागतात. सॉफ्टवेअर गेलं म्हणून त्यातून सुटका नाही.