घरचा राउटर ऑफिसच्या भिंतीतल्या पोर्टला का लावायचा नाही?

वायफाय कमी पडतं म्हणून घरचा राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला जोडायचा मोह होतो. केबल त्याच्या लॅन पोर्टात गेली, की गोंधळ सुरू.

कॉम्प्युटर चालू झाला की नेटवर्कवर हाक मारतो, "मला आयपी पत्ता द्या." उत्तर द्यायचं काम ऑफिसच्या डीएचसीपी सर्व्हरचं. पण घरचा राउटरही तेच काम करतो, आणि बहुतेक कॉम्प्युटर पहिलं उत्तर धरतात. मग पत्ता मिळतो 192.168.0.x सारखा, गेटवे म्हणून तुमचा राउटर, आणि प्रिंटर, सर्व्हर, इंटरनेट सगळं गायब.

गंमत म्हणजे आधीपासून चालू असलेली मशीन ठीक असतात, सकाळी नव्याने सुरू केलेलीच अडकतात. म्हणून दोष लवकर सापडत नाही. शंका आली तर विंडोजवर हे चालवा:

```
ipconfig /all
```

"DHCP Server" समोर अनोळखी पत्ता दिसला, तर आयटीला लगेच कळवा.

केबल वॅन पोर्टात लावली तर हा घोळ सहसा होत नाही. पण तुमचा वायफाय पासवर्ड ज्याला माहीत, तो पार्किंगमध्ये बसूनही ऑफिसच्या नेटवर्कात शिरू शकतो, आणि माझ्या मते हे जास्त वाईट. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू असलं, तरी ही दुसरी वाट त्याने बंद होत नाही.