फाइलचं बारसं

माझ्या मावसबहिणीचं स्वयंपाकाचं यूट्यूब चॅनेल आहे. गणपतीच्या तोंडावर तिचा फोन आला. कुठल्याशा शिकवणीत तिला सांगितलं होतं, की व्हिडिओ चढवण्याआधी फाइलचं नाव बदलायचं, मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये शीर्षक, टॅग, शेरा असं सगळं भरायचं आणि त्यानंतरच अपलोड करायचं. नाहीतर व्हिडिओ सर्चमध्ये येतच नाही म्हणे. तिचे साठेक व्हिडिओ हे बारसं न करताच चढले होते. “ते सगळे काढून परत चढवू का रे?” असं ती विचारत होती.

आधी फाइलच्या नावाचं बघू. फोन व्हिडिओला स्वतःच नाव देतो, ते साधारण `VID_20250827_091134.mp4` असं असतं. म्हणजे 27 ऑगस्ट 2025, सकाळचे नऊ वाजून अकरा मिनिटं. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि बाई मोदक करत होत्या, एवढं आपल्याला कळतं. यूट्यूबला मात्र त्यातून काहीच कळत नाही. फाइल चढली, की यूट्यूब ते नाव दोन ठिकाणी ठेवतं. एक तर शीर्षकाच्या चौकटीत तेच नाव आपोआप भरलं जातं. दुसरं म्हणजे मूळ फाइलचं नाव स्टुडिओत नोंदलेलं राहतं, पण ते फक्त चॅनेलच्या मालकाला दिसतं, प्रेक्षकाला कुठेच दिसत नाही.

यातला पहिला प्रकारच खरा महत्त्वाचा. 2009 ते 2012 या काळात आयफोनच्या फोटो अॅपमध्ये व्हिडिओ थेट यूट्यूबवर पाठवायचं बटण होतं. लोकांनी ते दाबलं आणि शीर्षकाला हात लावला नाही, त्यामुळे `IMG_0416` अशा शीर्षकांचे लाखो घरगुती व्हिडिओ यूट्यूबवर जमा झाले. पुढे 2024 मध्ये राइली वॉल्झ या अमेरिकी तरुणाने ते शोधून एका संकेतस्थळावर एकामागून एक लावले. कुणाच्या घरचा वाढदिवस, कुठे पहिला बर्फ, कुठे अंगणात कुत्रा. फाइलच्या नावाने शोधल्यावर ते सापडले, कारण तेच नाव त्यांचं शीर्षक होऊन बसलं होतं. एरवी त्यांच्याकडे कुणी फिरकलंही नव्हतं.

माझ्या मते या समजाचं मूळही इथेच असावं. एखाद्याने फाइलचं नाव `ukadiche modak.mp4` केलं, की शीर्षकाची चौकट आपोआप नीट भरते आणि व्हिडिओ सापडायला लागतो. श्रेय फाइलच्या नावाला मिळतं, काम शीर्षकाने केलेलं असतं.

आता प्रॉपर्टीजमध्ये भरायच्या माहितीकडे वळू. एमपी-फोर फाइल म्हणजे कप्प्यांचा डबा समजा. मोठ्या कप्प्यांत चित्र आणि आवाज, आणि एका छोट्या कप्प्यात चिठ्ठी: शीर्षक, कर्ता, शेरा. चिठ्ठी लिहायला फार काही लागत नाही. एफएफएमपेग हे फुकट साधन वापरणारे एका ओळीत ते करतात:

```
ffmpeg -i modak.mp4 -c copy -metadata title="उकडीचे मोदक" modak2.mp4
```

यातल्या `-c copy` मुळे चित्र आणि आवाज जसेच्या तसे राहतात, फक्त चिठ्ठी बदलते. अडचण पुढे येते. तुम्ही चढवलेली फाइल यूट्यूब प्रेक्षकाला कधीच दाखवत नाही. ते तिच्यापासून वेगवेगळ्या आकारांच्या नव्या फाइली तयार करतं, कमी वेगाच्या फोनसाठी लहान आणि टीव्हीसाठी मोठ्या. त्या नव्या फाइलींत तुमची चिठ्ठी उतरत नाही. स्वतःचाच व्हिडिओ स्टुडिओतून उतरवून घ्या आणि `ffprobe` ने उघडून बघा. मोदक असतील, चिठ्ठी नसेल.

म्हणजे यूट्यूब फाइलच्या आत डोकावतच नाही, असं मात्र नाही. फोन उभा धरला होता की आडवा, रंग कसे दाखवायचे, हे त्याला आतल्या नोंदींवरूनच कळतं. चहूबाजूंनी बघायच्या 360 अंशांच्या व्हिडिओत तर तशी खूण नसली, की अख्खं चित्र एखाद्या ताणलेल्या पट्टीसारखं सपाट दिसतं. पण या सगळ्या नोंदी व्हिडिओ नीट दाखवण्यासाठी आहेत.

शोधात काय बघितलं जातं, याबद्दल यूट्यूब स्वतः शीर्षक, टॅग, वर्णन आणि व्हिडिओतला मजकूर यांचा उल्लेख करतं. शिवाय लोक तो व्हिडिओ किती बघतात, हेही असतंच. फाइलच्या नावाचा किंवा आतल्या चिठ्ठीचा त्यात उल्लेख नाही. अपलोड करताना जे टॅग भरतो, त्यांचंही महत्त्व अगदी कमी आहे, लोक एखादा शब्द हमखास चुकीचा लिहीत असतील तर ते कामाला येतात, असं यूट्यूबच्याच मदत पानावर लिहिलंय. समोर भरलेल्या टॅगची ही कथा, तर फाइलच्या पोटातल्या टॅगचं काय! याला जुना इतिहासही आहे. वेब पानांत वाचकाला न दिसणारी कीवर्डची एक ओळ घालायची सोय असायची आणि लोक तिच्यात वाट्टेल ते शब्द कोंबायचे. वेब शोधात आपण ती ओळ विचारातच घेत नाही, असं गुगलने 2009 मध्ये जाहीर केलं. न दिसणाऱ्या जागी केलेल्या दाव्यावर कोण विश्वास ठेवणार?

तरीही खात्री करून घ्यायची असेल, तर घरच्या घरी करता येते. कुठेच नसलेले दोन शब्द बनवा, समजा ‘खटमुरंगी’ आणि ‘डिंगळफोक’. पहिला फाइलच्या नावात आणि आतल्या चिठ्ठीत घाला. दुसरा फक्त वर्णनात लिहा. शीर्षक न विसरता बदला, नाहीतर खटमुरंगी तिथे जाऊन बसेल आणि सगळा प्रयोग फसेल. व्हिडिओ सार्वजनिक करा, चार-सहा दिवस थांबा आणि लॉगिन न करता दोन्ही शब्द शोधा. डिंगळफोक सापडला आणि खटमुरंगी सापडला नाही, तर उत्तर मिळालं. दोन्ही सापडले नाहीत, तर व्हिडिओ अजून सूचीतच आला नाही, आणखी थांबा. या प्रयोगालाही मर्यादा आहे: शब्द जुळवायला फाइलचं नाव वापरतात की नाही, एवढंच त्यातून कळतं. क्रम लावताना त्याला चिमूटभर वजन असेल, तर ते असं दिसणार नाही.

व्हिडिओ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला, तर गोष्ट थोडी बदलते, कारण तिथे फाइलचं नाव पत्त्याचा भाग होतं. ते सुटसुटीत असावं. देवनागरीत ‘मोदक’ लिहिलं, तर कॉपी केल्यावर पुष्कळदा तो पत्ता `%E0%A4%AE%E0%A5%8B%E0%A4%A6%E0%A4%95.mp4` असा दिसतो, म्हणून तिथे रोमन नाव बरं. पण तिथेही गुगल मुख्यतः पानावरचा मजकूर आणि पानात दिलेली व्हिडिओची माहिती बघतं.

बहिणीला मी सांगितलं, की फाइलला नाव दे, पण ते तुझ्या हार्ड डिस्कसाठी. पुढच्या वर्षी मोदकांचं चित्रण शोधताना तुलाच ते लागेल. तासभर घालवायचाच असेल, तर शीर्षकावर घालव. तिथे शंभर अक्षरं मिळतात. मराठी माणूस ‘उकडीचे मोदक’ असंही शोधतो आणि `ukadiche modak` असंही, तेव्हा शीर्षकात दोन्ही येऊ देत. “कळ्या फुटू नयेत म्हणून उकड कशी मळायची” हे तिच्या व्हिडिओतलं सगळ्यात कामाचं वाक्य होतं, आणि ते शीर्षकात नव्हतं, वर्णनातही नव्हतं.

आणि जुने व्हिडिओ काढू नकोस, हेही सांगितलं. यूट्यूबवर चढलेल्या व्हिडिओची फाइल बदलून दुसरी ठेवता येत नाही. परत चढवला, की त्याला नवा पत्ता मिळतो. आधीच्या पत्त्यावरचे व्ह्यूज आणि प्रतिक्रिया जातात, आणि लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या जुन्या लिंका उघडत नाहीत. शीर्षक आणि वर्णन मात्र केव्हाही, कितीही वेळा बदलता येतं.