सकाळी साडेनऊला खोली

गेल्या नोव्हेंबरात आमच्या शेजारचे काका-काकू सिंगापूरला निघाले. मुंबईहून रात्री 11:40 चं विमान, चांगी विमानतळावर सकाळी 7:40 ला उतरणार. हॉटेलात खोली मिळण्याची वेळ मात्र दुपारी तीनची. अशा रात्रभराच्या विमानाला ‘रेड-आय’ म्हणतात. डोळे लाल करून उतरायचं आणि मग हॉटेलच्या लॉबीतल्या सोफ्यावर पाच-साडेपाच तास बसायचं. काकूंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, म्हणून काकांनी हॉटेलला ईमेल लिहिली आणि पाठवण्याआधी मला दाखवायला आणली. मी बरीच वर्षं हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला काढली आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

पत्र पानभर होतं. आम्ही ज्येष्ठ नागरिक आहोत, ही आमची पहिलीच परदेशवारी आहे, लग्नाला चाळीस वर्षं झाली, काकूंचं गुडघ्याचं दुखणं, आपल्या देशाबद्दल फार ऐकलं आहे. शेवटी, ‘कृपया आम्हाला सकाळी लवकर खोली द्यावी, शक्यतो वरच्या मजल्यावर, समुद्र दिसेल अशी.’ कोणत्या तारखेला, कोणत्या विमानाने, किती वाजता, हे कुठेच नव्हतं. बुकिंग क्रमांकही नव्हता.

“अगं, बुकिंग त्यांच्याकडे आहेच की,” काका म्हणाले.

आहे, पण ते शोधणार कोण? अशी मेल रिझर्व्हेशनच्या किंवा फ्रंट ऑफिसच्या खोक्यात जाऊन पडते. ती उघडणाऱ्या मुलाच्या हाताशी तशाच आणखी चाळीस-पन्नास मेल असतात. तो तुमचं बुकिंग संगणकावर उघडतो, त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ टाइप करतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. सकाळी काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दिसते ती फक्त ती ओळ. तुमचं पत्र त्याने कधीच वाचलेलं नसतं. म्हणून ती ओळ ज्यातून तयार होते तेवढाच मजकूर कामाचा.

इथे खोलीचं गणित थोडं समजून घ्यायला हवं. आपण 15 तारखेचं बुकिंग करतो तेव्हा 15 च्या दुपारपासून 16 च्या सकाळपर्यंतची खोली घेत असतो. 15 च्या सकाळी साडेनऊला त्या खोलीत आदल्या रात्रीचा पाहुणा दात घासत असतो. तो अकरा-बाराला खोली सोडणार, मग हाउसकीपिंगची बाई चादरी बदलणार, बाथरूम धुणार, सुपरवायझर पाहून जाणार आणि मग संगणकावर ती खोली ‘तयार’ दिसणार. एका खोलीला अर्धा-पाऊण तास लागतो आणि एकेका बाईच्या वाट्याला दिवसभरात डझनाहून जास्त खोल्या असतात. तीन वाजताची वेळ त्यातून आलेली आहे.

म्हणजे सकाळी साडेनऊला मिळू शकते ती एकच प्रकारची खोली: काल रात्री रिकामी राहिलेली आणि साफ करून ठेवलेली. हॉटेल काल रात्री भरलेलं असेल तर मॅनेजर तुमचा सख्खा भाऊ असला तरी खोली मिळणार नाही. पाच-सहा खोल्या रिकाम्या असतील तर त्या कुणाच्या नावाला लावायच्या, हे पहाटे किंवा सकाळी लवकर ठरतं. रात्रपाळीचा माणूस आज येणाऱ्यांची यादी काढतो, शेऱ्यात ज्याच्यापुढे वेळ लिहिलेली आहे त्याच्या नावावर एकेक खोली धरून ठेवतो. ‘लवकर येणार’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो काय करील? लवकर म्हणजे सकाळी सहा की दुपारी एक, हे त्याला कसं कळणार?

काकांना हे पटलं. समुद्र मात्र त्यांना सोडवेना. मी विचारलं, “काका, रिकाम्या पाच खोल्यांतल्या किती समुद्राकडे असतील?” वरचा मजला म्हटलं की पाचातल्या दोन उरतात, समुद्र म्हटलं की एक, आणि एकच मोठा पलंग हवा म्हटलं की तीही जाते. सकाळची खोली हवी असेल तर बाकीचे हट्ट सोडायचे, आणि सोडले आहेत हे पत्रात लिहायचं. ‘दोन वेगळे पलंग चालतील’ या तीन-चार शब्दांनी किती जणांना मी सकाळी खोली दिली असेल, त्याची गणतीच नाही.

मग आम्ही दोघांनी बसून पत्र नव्याने लिहिलं. गेलं ते इंग्रजीत. मराठीत ते साधारण असं होतं. क्रमांक अर्थातच बदलले आहेत:

विषय: लवकर चेक-इनची विनंती, 15 नोव्हेंबर, बुकिंग क्र. 48213

नमस्कार. वरील क्रमांकाचं आमचं बुकिंग 15 ते 19 नोव्हेंबर, चार रात्री, दोन व्यक्ती, एक खोली असं आहे. ते प्रवासाच्या वेबसाइटवरून, पासपोर्टवरच्या नावानेच केलं आहे.

आम्ही मुंबईहून XX 123 या विमानाने शनिवार, 15 नोव्हेंबरला सकाळी 7:40 वाजता, सिंगापूरच्या वेळेनुसार, चांगीला उतरू. हॉटेलवर साडेनऊच्या सुमारास पोहोचू.

रात्रभराचा प्रवास असल्याने, शक्य असेल तर पोहोचल्यावर लगेच खोली मिळावी. आम्ही बुक केलेल्या प्रकारातली कोणतीही खोली, कोणताही मजला, दोन वेगळे पलंग असले तरी चालेल. यासाठी जादा आकार असल्यास किती, ते कळवावं. खोली तयार नसेल तर आम्ही सामान तुमच्याकडे ठेवू; तयार झाल्यावर खालील मोबाइलवर कळवावं.

खाली नाव आणि देशाच्या कोडसह मोबाइल क्रमांक. संपलं.

यातल्या काही गोष्टींवर काकांनी माझ्याशी वाद घातला. त्यांनी उतरण्याची वेळ आधी 5:10 लिहिली होती, कारण सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि ‘आपल्या वेळेनुसार’ तेव्हा पाच दहाच होणार. हिशेब अगदी बरोबर. पण पत्र वाचणारा सिंगापुरात बसलेला. तिकिटावर उतरण्याची वेळ नेहमी उतरण्याच्या गावचीच छापलेली असते. ती जशीच्या तशी उतरवावी आणि आपला हिशेब आपल्या डायरीत ठेवावा. वारही मी मुद्दाम लिहायला लावला. रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोहोचणाऱ्या विमानात माणसं निघण्याची तारीख लिहून मोकळी होतात. ‘शनिवार’ शेजारी असला की एकाला तरी चूक दिसते.

साडेनऊ कुठून आले? विमान 7:40 ला धावपट्टीवर टेकतं. तिथून दार उघडणं, लांबलचक चालणं, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरून बॅगा येणं यात तासभर सहज जातो. चांगीहून शहर वीसेक किलोमीटर, टॅक्सीने अर्धा तास. शिवाय थोडी पडझड. विमान उतरण्याचीच वेळ हॉटेलात येण्याची म्हणून दिली तर तुमच्या नावाची खोली आठपासून अडून राहते. नऊ वाजता समोर दुसरा दमलेला पाहुणा उभा असला आणि तुमचा पत्ता नसला की ती त्याला जाते. मी स्वतः दिली आहे.

आणि विमानाचा क्रमांक? विमान उशिरा असेल तर काउंटरवरचा माणूस तो क्रमांक टाकून पाहू शकतो. त्याला कळतं की ही माणसं चुकवत नाहीयेत, अजून हवेत आहेत.

पैशांचं म्हणाल तर प्रत्येक हॉटेलची रीत वेगळी. कुठे खोली असेल तर फुकट देतात, कुठे अर्ध्या दिवसाचं भाडं लावतात, आणि अगदी पहाटे येणार असाल तर पूर्ण रात्रीचं. म्हणून ‘किती’ हे आधीच विचारून ठेवावं. फक्त कार्डाचा क्रमांक मेलमध्ये लिहू नये, कुणी मागितला तरी.

खोली अगदी हवीच असेल, लहान बाळ बरोबर असेल किंवा उतरल्या उतरल्या बैठक असेल, तर खात्रीचा उपाय एकच: आदल्या रात्रीपासून बुकिंग करणं. म्हणजे काकांच्या बाबतीत 14 पासून. यात एक खड्डा आहे आणि त्यात शिकलीसवरलेली माणसंही पडतात. रात्री बारानंतर केव्हातरी हॉटेल दिवसाचा हिशेब बंद करतं. त्याला नाइट ऑडिट म्हणतात. 14 चा पाहुणा तोवर आलेला नसेल तर संगणकावर तो ‘नो-शो’ होतो आणि काही ठिकाणी पुढच्या सगळ्या रात्रींचं बुकिंगही त्याच्याबरोबर उडतं. पाहुणा त्या वेळी बंगालच्या उपसागरावर झोपलेला. सकाळी तो पैसे भरलेल्या खोलीची किल्ली मागायला येतो आणि खोली दुसऱ्याच्या नावावर. मी काउंटरच्या आतल्या बाजूला असताना हे पाहिलं आहे. त्या माणसाला समजावताना घाम फुटला होता. तेव्हा आदल्या रात्रीचे पैसे भरले असतील तर पत्रात स्वच्छ लिहायचं: ‘आमचं बुकिंग 14 पासून आहे, आम्ही 15 ला सकाळी साडेनऊला येणार आहोत, खोली धरून ठेवावी, नो-शो करू नये.’ आणि यावर लेखी होकार येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

काकांनी तो खर्च केला नाही. पत्र प्रवासाच्या तीन दिवस आधी गेलं. फार आधी पाठवण्यात अर्थ नसतो, कारण महिनाभर आधी कोणती खोली रिकामी राहील ते कुणालाच माहीत नसतं. वेबसाइटवरून बुकिंग होतं, म्हणून तोच मजकूर तिथल्या संदेशाच्या खिडकीतूनही पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: विनंतीची नोंद घेतली आहे, उपलब्धतेनुसार खोली देऊ.

“म्हणजे मिळाली ना?” काकूंनी विचारलं.

नाही मिळाली. ‘नोंद घेतली’ म्हणजे ती शेऱ्याची ओळ टाइप झाली, एवढंच. हॉटेल ‘निश्चित’ किंवा ‘कन्फर्म’ हा शब्द वापरतं तेव्हाच शब्द दिला असं धरावं, आणि तो बहुधा पैसे घेतल्यावरच वापरतं. म्हणून हातातल्या बॅगेत काकूंची औषधं, एक कपड्यांचा जोड आणि टूथब्रश ठेवायला मी सांगितलं. खोली नाही मिळाली तर मोठ्या बॅगा बेल डेस्कला द्यायच्या, पावती घ्यायची आणि लॉबीच्या स्वच्छतागृहात तोंड धुऊन नाश्त्याला जायचं.

शनिवारी सकाळी, आमच्याकडे सव्वासात होत होते, तेव्हा काकांचा मेसेज आला. खोली मिळाली होती, चौथा मजला, दोन वेगळे पलंग, जादा आकार नाही. सोबत खिडकीतून काढलेला फोटो होता: समोरच्या इमारतीची भिंत आणि एसीची सहा यंत्रं. काकू झोपल्या होत्या.

चार दिवसांनी त्यांनी परतीच्या दिवसासाठी स्वतःच एक मेल लिहिली आणि पाठवण्याआधी मला फोटो काढून धाडली. विषयाच्या ओळीत बुकिंग क्रमांक, विमानाचा क्रमांक, सगळं जागच्या जागी होतं. विमान रात्री साडेबाराचं, तारीख 20, म्हणून त्यांनी विचारलं होतं की 20 च्या संध्याकाळपर्यंत खोली ठेवता येईल का. मी ताबडतोब फोन लावला.

“काका, बॅगा आजच भरा. विमान आज रात्रीचं आहे.”