एका फोटोतून आठ चौकटींची चाल

फेटा बांधलेल्या, खांद्यावर घोंगडी टाकलेल्या मेंढपाळाचा एकच फोटो हाताशी आहे आणि त्याला गेममध्ये चालवायचं आहे. चित्रकार आधी फोटोवरून ६४ बाय ६४ पिक्सेलची, बाजूने दिसणारी आकृती काढतो: फेटा ठसठशीत, रंग मोजके. मग डोकं, धड, हात आणि पाय वेगवेगळ्या थरांवर ठेवतो. फोटोत झाकला गेलेला पलीकडचा पाय नव्याने काढून थोडा गडद रंगवतो.

एका पावलाच्या चार अवस्था असतात. टाच टेकते, गुडघा वाकून शरीर खाली येतं, मागचा पाय पुढच्याजवळून जातो आणि शरीर उंचावतं. दुसऱ्या पावलासाठी पायांची अदलाबदल होते. घोंगडी मात्र त्याच खांद्यावर राहते. आठही चौकटी एका ओळीत मांडल्या की ५१२ बाय ६४ची स्प्राइट शीट तयार होते.

चालताना पाय घसरतोय असं वाटलं, तर टेकलेल्या पावलाकडे पाहावं. ते दर चौकटीला ४ पिक्सेल मागे सरकत असेल, तर गेममध्ये आकृतीही तेवढीच पुढे जायला हवी. आकृती उगाच थरथरत असेल, तर बहुधा जमिनीची रेषा सगळ्या चौकटींत एकाच उंचीवर आलेली नसते.