गळ्यात अडकलेलं वाक्य

नवे लेखक मला अधूनमधून संवाद वाचायला देतात. त्यातली माणसं मनात आलेलं सगळं सांगून टाकतात. 'तू वाटणी मागतोस याचं मला दुःख होतं,' असं भाऊ भावाला म्हणतो. घराघरांत असं कुणी बोलतं का? तिथं बोलणं दुसऱ्याच गोष्टीचं चाललेलं असतं.

याचा उत्तम नमुना चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड' या १९०४ साली रंगमंचावर आलेल्या नाटकात आहे. घर विकलं गेलं आहे, निघायची घाई आहे. लोपाखिननं वार्याला मागणी घालावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. तिची आई त्याला तसं सुचवते, तो कबूलही होतो. मग दोघांना एकटं सोडलं जातं. वार्या सामानात काहीतरी शोधत राहते. तो विचारतो, आता कुठं जाणार? ती दुसऱ्या घरी कारभार पाहायला जाणार असते. मग तो थंडीचं बोलतो, उणे तीन अंश म्हणतो. ती म्हणते, आमचं थर्मामीटर मोडलंय. बाहेरून हाक येते, तो घाईनं निघून जातो आणि ती गाठोड्यावर डोकं ठेवून रडते. लग्नाचा शब्दही निघत नाही.

मग आपल्याला तो ऐकू कसा येतो? कारण मागणीचं ठरलेलं आपण आधीच पाहिलेलं असतं. ही माहिती काढून टाका, उरतात फक्त हवापाण्याच्या गप्पा. दुसरं म्हणजे, दोघांच्या गप्प राहण्याला कारण आहे. त्याला धीर होत नाही आणि बाईनं आपणहून विचारायचं नाही, ही तिची अडचण. तिसरं, हाताला काम आहे. सामान शोधण्याच्या निमित्तानं ती तिथं थांबू शकते.

आता त्या दोन भावांकडे वळू. धाकटा वाटणीचे कागद पिशवीत घालून आला आहे, हे वाचकाला आधी दाखवा. मग थोरला म्हणेल, 'विहिरीची मोटार दुरुस्त करायला हवी.'
'आता कशाला?'
'मे महिन्यात तुझी मुलं येतील ना.'
'यंदा त्यांचं शिबिर आहे.'
झाली वाटणी!

लिहून झाल्यावर हा भाग अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमची गोष्ट ठाऊक नाही. 'यांचं नेमकं काय बिनसलंय?' असं त्यानं विचारलं, तर आधीची तयारी कमी पडली. संवादात आणखी खुलासा घालू नका. पिशवीतले कागद अधिक ठळक करा. 'तो खिन्नपणे म्हणाला' असं लिहायचा मोह झाला, तर मोटारीचं वाक्य अजून नीट बसलेलं नाही असं समजा.

मात्र सगळी गोष्टच अशी आडून बोलू लागली, तर वाचक कंटाळतो. डॉक्टरला बोलावताना माणूस सरळच बोलतो. जिथं खरं बोलण्याची किंमत मोजावी लागते, तिथंच मोटार बिघडू द्यावी.